सर ‘बघतो’ म्हणतात, आणि दिवाळीला गाव रिकामं होतं

‘मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते. जानेवारी 2023 चा प्रवेश. विषय बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांच्या स्थलांतराचा. तीन तालुक्यांतली 240 कुटुंबं घ्यायची आहेत. मुलाखत अनुसूची आणि साहित्य आढाव्याचं प्रकरण फेब्रुवारीत सरांना एकत्रच दिलं. तेव्हापासून विचारलं की “बघतो”. एकदा म्हणाले, “खोली नाही यात.” म्हणजे काय ते कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. सर माणूस म्हणून वाईट नाहीत, पण परीक्षा आणि नॅक यांतच बुडालेले असतात, आणि नॅकच्या फायली लावायला मलाच बोलावतात. आता त्यांचा फोन आला की पोटात गोळा येतो. तीन महिने लॅपटॉपवरचं ते फोल्डर उघडलेलं नाही. जून संपत आला. गाईड बदलावा का?’
— केज तालुक्यातली एक संशोधक

गाईड बदलायचा विचार ऑक्टोबरपर्यंत बाजूला ठेवा. त्याआधी एक हिशेब कागदावर मांडा. तुम्हाला खरी घाई आहे ती कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आत मुलाखती उरकण्याची.

तुमची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे मुलाखती घ्यायच्या त्या जुलै ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. या दिवसांत हीच माणसं खुरपणीला, नंतर सोयाबीन काढणीला जातात. त्यामुळे दिवसा घरी कुणी भेटत नाही, मुलाखती संध्याकाळीच होतात. एका संध्याकाळी नीट अशा तीनच होतील. चौथी घेतली तर उत्तरं घाईची येतात आणि तुमची टिपणंही अर्धवट राहतात. 240 कुटुंबं भागिले तीन, म्हणजे 80 संध्याकाळी. 25 जुलैला सुरुवात केलीत तर एकही दिवस न चुकवता 12 ऑक्टोबर उजाडतो, आणि पाऊस, पोळा, गणपती, महालक्ष्म्या यांत दहाएक दिवस तरी जाणारच. 15 ऑगस्टला सुरुवात केलीत तर हातात साधारण 55 संध्याकाळी उरतात, म्हणजे 165 कुटुंबं. सरांचं ‘बघतो’ आणखी दीड महिना चाललं, तर काम थेट पुढच्या उन्हाळ्यावर जातं.

अख्ख्या गुंत्यातली तातडीची गोष्ट एवढीच. साहित्य आढाव्याचं प्रकरण डिसेंबरमध्ये तपासलं गेलं तरी काही बिघडत नाही. अनुसूची मात्र जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात मंजूर व्हायला हवी. फेब्रुवारीत तुम्ही दोन्ही एकत्र दिलंत, आणि घोडं तिथेच अडलं. साठ-सत्तर पानांचा गठ्ठा समोर आला की कुठलाही प्राध्यापक तो ‘निवांत वाचू’ म्हणून कपाटात ठेवतो. परीक्षा आणि नॅक यांच्यामध्ये तो निवांतपणा येत नाही. चार पानं मात्र दोन तासिकांच्या मध्येही वाचून होतात.

तेव्हा प्रकरणाचा विषयच काढू नका. फक्त अनुसूचीची छापील प्रत घ्या, चार-पाच पानांत बसेल अशी. ती पाठवण्याआधी स्वतः एकदा कात्री लावा. पीएच.डी.च्या अनुसूचीत हमखास ऐंशी-नव्वद प्रश्न असतात, कारण सिनॉप्सिसमधल्या प्रत्येक उद्दिष्टाखाली पंधरा-वीस प्रश्न घुसवलेले असतात. दिवसभर खुरपून आलेली बाई पाऊण तासाच्या पुढे बसत नाही, आणि बसू नये. पस्तीस-चाळीस प्रश्नांवर या. कापताना एकच कसोटी लावा: या उत्तराचं कोष्टक कोणत्या प्रकरणात जाणार? तुम्हालाच सांगता येत नसेल तर तो प्रश्न काढा.

आता ‘खोली नाही’बद्दल. याचा एकच एक अर्थ नसतो, पण अनुसूचीच्या बाबतीत बहुतेकदा तो असा असतो: प्रश्न पाठ्यपुस्तकातून आलेत, शिवारातून आलेले नाहीत. एक नमुना बघा. ‘तुमचे वैयक्तिक वार्षिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक अनुसूचीत असतो, आणि ऊसतोडीच्या अभ्यासात तो तिथल्या तिथे पडतो. इथे हिशेब कोयत्यावर असतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्याला, आणि हंगामात ती फिटते तोडलेल्या टनांवर. बाईला तिचं ‘वैयक्तिक उत्पन्न’ विचारलंत तर ती ‘आमच्या मालकाला विचारा’ म्हणेल, किंवा काहीतरी आकडा सांगून मोकळी होईल. तुमच्या कोष्टकात बायकांचं उत्पन्न शून्य किंवा नवऱ्याइतकंच दिसेल, आणि मौखिक परीक्षेत बाहेरचा परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवेल. त्याच जागी चार छोटे प्रश्न घाला: यंदा उचल किती घेतली, ती कुणाच्या हातात दिली, हंगामाअखेर किती फिटली, आणि राहिलेली बाकी पुढच्या वर्षावर गेली की दुसऱ्या मुकादमाने भरली. उचलीची कर्जासारखी साखळी कशी तयार होते ते या चार उत्तरांत दिसतं. सर खोली म्हणतात ती हीच असण्याची शक्यता मोठी आहे.

तरीही त्यांच्या मनात काय आहे ते विचारायलाच हवं. ‘सर, खोली म्हणजे काय?’ असं विचारू नका. त्यावर उत्तर येत नाही, व्याख्यान येतं. प्रतीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहा, आणि ते असे असावेत की उभ्या उभ्या पेनाने खूण करून उत्तर देता येईल. उदाहरणार्थ: प्रश्न 14 ते 17 मध्ये उचलीचा हिशेब कोयत्यावर घेतला आहे, तो असाच ठेवू का? मुकादमांच्या दहा स्वतंत्र मुलाखती घ्याव्यात का? पथदर्शी पाहणी 240 बाहेरच्या दहा कुटुंबांत 10 जुलैपासून सुरू करू का? पथदर्शी पाहणीतली कुटुंबं मुख्य नमुन्यात धरायची नसतात, हे लक्षात असू द्या. तिसऱ्या प्रश्नात ते बोलण्याच्या ओघात येऊन जातं.

ही प्रत घेऊन स्वतः जा. फोनवर फक्त वेळ मागा, आणि तोही मोजून: ‘सर, अनुसूचीची चार पानं आहेत, वीस मिनिटं हवी होती, बुधवारी तुमच्या शेवटच्या तासिकेनंतर येऊ का?’ नॅकच्या कामाला बोलावतील त्याच दिवशी हे उरकायचा मोह होईल. तो टाळा. त्या दिवशी तुम्ही त्यांच्या डोक्यात फायलीवाल्या असता.

भेटीनंतर त्याच रात्री मेल पाठवायची. एवढी एक सवय लागली तरी बराच त्रास कमी होतो. गाईड आणि विद्यार्थी यांच्यातलं निम्म्याहून अधिक वैर तोंडी सूचनांतून येतं. सरांकडे सहा-आठ संशोधक असतात, जूनमध्ये तुम्हाला काय सांगितलं ते सप्टेंबरमध्ये त्यांना खरंच आठवत नाही. मग ते उलट सांगतात आणि तुम्हाला वाटतं मुद्दाम छळतायत. मेल साधारण अशी असावी:

‘आदरणीय सर, आजच्या चर्चेबद्दल आभार. मला समजलेलं खाली लिहिते. 1) उचलीचे प्रश्न कोयत्यावर ठेवायचे. 2) मुकादमांच्या मुलाखती दहाऐवजी सहा घ्यायच्या. 3) शिक्षणाच्या भागात मुलांच्या शाळागळतीचे दोन प्रश्न वाढवायचे. सुधारित प्रत सोमवारपर्यंत पाठवते. 10 जुलैपासून दहा कुटुंबांत पथदर्शी पाहणी सुरू करते आहे. त्यात काही बदल हवा असल्यास कृपया कळवावं.’

यात तक्रारीचा सूर नाही, आणि तरी तारीख, निर्णय आणि पुढचं पाऊल लेखी झालं. शेवटचं वाक्य नीट बघा. सरांनी उत्तर दिलं नाही तरी तुमचं काम थांबत नाही. पण याची मर्यादाही ओळखा. पथदर्शी पाहणी, कोष्टकांचा आराखडा, संदर्भांची मांडणी अशा परत फिरवता येणाऱ्या कामांपुरतीच ही वाट आहे. सरांच्या नावाने लेख पाठवणं, सिनॉप्सिसमधलं उद्दिष्ट बदलणं किंवा प्रबंध सादर करणं यांना स्पष्ट होकारच लागतो. तिथे मौन ही संमती धरू नका.

व्हॉट्सअॅपवर नुसती आठवण करा: ‘सर, मेल पाठवली आहे.’ फाईल मात्र मेलनेच जाऊ द्या, कारण व्हॉट्सअॅपवरची फाईल महिन्याभराने उघडत नाही आणि कोणती प्रत शेवटची हेही कळेनासं होतं. आठवण दहाव्या दिवशी एकदा, विसाव्या दिवशी एकदा. रोज ‘सर, बघितलं का?’ विचारलं की माणूस फोन टाळू लागतो. तुम्ही सरांचा टाळता तसाच.

सुधारित प्रत पाठवूनही 10 जुलैपर्यंत काहीच हाललं नाही तर? तर संशोधन सल्लागार समिती. यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमांत (ते 7 नोव्हेंबर 2022 पासून लागू आहेत, म्हणजे तुमचा प्रवेश त्यांच्याखाली येतो) संशोधकाने दर सत्रात या समितीपुढे सादरीकरण करायचं आणि प्रगतीचा छोटा अहवाल द्यायचा आहे. अभ्यासाचा आराखडा आणि संशोधन पद्धती ठरवायला मदत करणं हे समितीचं कामच आहे. म्हणजे अनुसूची समितीपुढे नेणं ही सरांची तक्रार होत नाही. अडचण अशी की समितीचे निमंत्रक तुमचे गाईडच असतात, आणि बऱ्याच संशोधन केंद्रांत ही बैठक सह्यांच्या कागदावरच होते. म्हणून सरांनाच अर्ज करा: ‘क्षेत्रकार्य सुरू करण्यापूर्वी अनुसूचीवर समितीचे मार्गदर्शन मिळावे, यासाठी 20 जुलैपूर्वी बैठक बोलवावी ही विनंती.’ अर्ज महाविद्यालयाच्या आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. कुणाचंही नाव न घेता दिलेला असा अर्ज बहुतेकदा बैठकीआधीच काम करून जातो. समितीपुढे जाण्यापेक्षा चार पानं वाचून टाकलेली बरी, असं कुठल्याही गाईडला वाटतं.

बैठक झाली तर एका गोष्टीचा आग्रह धरा. वेळ कमी पडून नमुना 240 वरून 165 वर आणायचा असेल, तर तो निर्णय कारणासह इतिवृत्तात लिहून घ्या. तीन तालुक्यांत तो कसा वाटला तेही लिहा. एका तालुक्यात 90 आणि दुसऱ्यात 20 असं झालं तर तुलनाच उरत नाही. सिनॉप्सिसमध्ये 240 आणि प्रबंधात 165, आणि मध्ये कुठेच कागद नाही, ही अडचण मौखिक परीक्षेच्या दिवशी समोर येते. तेव्हा सरही मदतीला येऊ शकत नाहीत.

मुदतीची धास्ती मात्र एवढी बाळगू नका. नियमाने पीएच.डी.ला किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. तुमची सहा जानेवारी 2029 ला होतात. त्यापुढे पुनर्नोंदणीने दोन वर्षं मिळू शकतात, आणि महिला संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. बाळंतपण किंवा मूल सांभाळण्यासाठी संपूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत रजेची तरतूदही आहे. घरचे ‘कधी संपणार’ विचारतात तेव्हा ‘सर बघत नाहीत’ हे उत्तर देऊ नका. त्यावर घरात तासभर सरांचीच चर्चा होते आणि रात्रीची झोप जाते. ‘दिवाळीपर्यंत मुलाखती, पुढच्या वर्षी लेखन, 2028 ला सादर’ असं सांगा.

नॅकच्या फायलींना सरळ ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे जमत नाही हे मान्य. पण दिवस बांधून घेता येतो: ‘सर, शनिवारी दुपारी येते, बाकीचे दिवस गावांत आहे.’ क्षेत्रकार्य सुरू झालं की हे कारण खरंही असतं. आठवड्याला अर्धा दिवस ही मर्यादा समजा. त्यापुढे काम गेलं तर कोणत्या तारखेला किती तास गेले याची नोंद वहीत ठेवा. पुढे लागेलच असं नाही, पण महिन्याचे तीस तास गेलेले डोळ्यांनी दिसले की तुमचं तुम्हालाच बोलायला बळ येतं.

पैसे, भेटवस्तू किंवा घरकामाची मागणी, सही अडवून ठेवण्याची धमकी, जातीवरून बोलणं हे वेगळं प्रकरण आहे, आणि त्याला वरची मेलबिल लागू नाही. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे करायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, आणि म्हणूनच गाईड बदलू नका म्हणते आहे. कामात बुडालेल्या गाईडवरचा उपाय आणि छळणाऱ्या गाईडवरचा उपाय एक नसतो.

बदलायचा झालाच तर काय लागतं तेही ऐकून ठेवा. नव्या गाईडकडे जागा रिकामी हवी (प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात), त्यांचं लेखी संमतिपत्र हवं, आणि विद्यापीठाची मंजुरी. मंजुरीला लागणारे महिने नेमके क्षेत्रकार्याचे असतात. नवे गाईड विषय थोडा वळवायला सांगतात, मग सिनॉप्सिस पुन्हा. आणि कुणाला कानोकान विचारलंत तरी बीडला बोललेलं अंबाजोगाईला संध्याकाळपर्यंत पोचतं. मधली वाट सह-मार्गदर्शकाची: विद्यापीठाची परवानगी असेल तर दुसऱ्या विभागातले, अगदी दुसऱ्या संस्थेतलेही घेता येतात. ऊसतोडीच्या विषयाला अर्थशास्त्रातलं कुणी मिळालं तर सरांनाही ते मदतीसारखं वाटेल. 15 ऑक्टोबरला मागे वळून बघा. चार मेल, दोन आठवणी आणि एक अर्ज एवढं होऊनही तुम्हाला एकही लेखी किंवा तोंडी शेरा मिळालेला नसेल, तर सह-मार्गदर्शक किंवा बदल, दोन्हींसाठी तुमच्याकडे कागद तयार असतील.

राहिलं ते बंद फोल्डर. ते आज उघडूच नका. त्यात फेब्रुवारीतलं प्रकरण आहे आणि त्याच्यासोबत तीन महिन्यांचा अपराधीपणाही. झेरॉक्सच्या दुकानातून अनुसूचीची फक्त छापील प्रत आणा, लाल पेन घ्या, पंचवीस मिनिटं प्रश्न कापा आणि उठा. दुसऱ्या दिवशी तेवढंच. चार-पाच बैठकांत प्रत तयार होते, आणि ती टाईप करायला लॅपटॉप उघडताना हातात करायचं काम ठरलेलं असतं.

फोनच्या आवाजाने पोटात गोळा येणं हे सरांशी ठरलेल्या वेळी बोलणं सुरू झालं की बहुतेकदा ओसरतं. पण दोन आठवडे सलग झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, ज्या गोष्टींत मन रमायचं त्यांत रमत नसेल, तर तो प्रश्न गाईडचा राहिलेला नाही. टेली-मानस या सरकारी हेल्पलाईनवर 14416 ला फोन करा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर फोन आजच करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. केजहून अंबाजोगाई जवळच आहे, तिथल्या स्वाराती रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येईल.

आणि अनुसूचीच्या शेवटच्या पानावर एक रकाना नक्की वाढवा, तो कापू नका: कुटुंबातल्या दोघांचे मोबाईल नंबर, मुकादमाचं गाव, आणि यंदा कोणत्या कारखान्याला जाणार. ऑक्टोबरमध्ये घरी न भेटलेली कुटुंबं जानेवारीत तुम्हाला त्या कारखान्याच्या तळावर, कोप्यांमध्ये गाठता येतील. तिथली मुलाखत गावातल्या मुलाखतीपेक्षा वेगळी निघते, म्हणून ती कुठे घेतली हे प्रत्येक प्रतीवर लिहा.